अर्ध्यावर यायला किती वेळ?

बारावीच्या विज्ञान शाखेतल्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले, तरी तो सांगेल की प्रथम कोटीच्या अभिक्रियेचे अर्धायुष्य सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नसते आणि द्वितीय कोटीच्या अभिक्रियेचे असते. पाठोपाठ तो दोन सूत्रेही लिहून दाखवेल: पहिल्यासाठी t½ = 0.693/k आणि दुसऱ्यासाठी t½ = 1/ka, इथे a म्हणजे सुरुवातीची संहती. वाक्य बरोबर आहे आणि सूत्रेही बरोबर आहेत. पण वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका आणि प्रयोगवह्या पाहताना मला असे दिसत आले आहे की या बरोबर वाक्याच्या आडोशाने दोन चुकीच्या समजुती मुलांच्या डोक्यात घर करतात. प्रथम कोटीत संहतीला काही कामच नसते, ही त्यातली एक. दुसरी अशी की कोटी हा त्या पदार्थाचा जन्मजात गुण आहे, जसा त्याचा उत्कलनबिंदू असतो. या समजुतींमुळे अर्धायुष्य हे आकडे भरण्याचे सूत्र होऊन बसते. खरे तर अभिक्रियेच्या पोटात काय चालले आहे हे ओळखण्याचे ते एक उत्तम साधन आहे.

हे दाखवायला एकच पदार्थ पुरेसा आहे. इथाइल ॲसिटेट हे एक साधे एस्टर. नेलपॉलिश काढायच्या द्रवाला जो गोडसर वास येतो, तो अनेकदा याचाच. पाण्यात ते फुटते आणि इथेनॉल व ॲसेटिक आम्ल तयार होते. पण निव्वळ पाण्यात हे इतक्या सावकाश घडते की बघत बसण्यात अर्थ नाही. म्हणून बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत या कुटुंबातल्या एस्टरवर दोन वेगवेगळे प्रयोग करतात. एकात हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मदतीने एस्टर फोडायचे आणि दुसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइडने, म्हणजे साबणीकरण करायचे. आम्लाचा प्रयोग प्रथम कोटीचा म्हणून शिकवतात, साबणीकरणाचा द्वितीय कोटीचा म्हणून. दोन्ही प्रयोगांत फुटते ते एस्टरच, आणि तेही जवळजवळ त्याच बंधाशी. तरीही एकाच्या अर्धायुष्याला संहती लागते आणि दुसऱ्याच्या लागत नाही. हे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी आम्लाची बाजू पाहू. २५ अंश सेल्सिअसला, ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात थोडे इथाइल ॲसिटेट टाकले, तर दर स्थिरांक सुमारे ५.५ × १०⁻⁵ प्रतिसेकंद येतो. ०.६९३ ला याने भागले की साधारण १२,६०० सेकंद, म्हणजे साडेतीन तास. एस्टर ०.०१ मोलर घेतले असेल तर साडेतीन तासांनी ०.००५ उरेल, आणखी साडेतीन तासांनी ०.००२५, आणखी साडेतीन तासांनी ०.००१२५. एस्टर दहापट घेतले, म्हणजे ०.१ मोलर, तरी ते ०.०५ वर यायला तेवढेच साडेतीन तास.

आता साबणीकरण. इथे दर स्थिरांक त्याच तापमानाला सुमारे ०.११ लिटर प्रतिमोल प्रतिसेकंद असतो. मिसळल्यानंतर एस्टर आणि सोडियम हायड्रॉक्साइड दोन्ही ०.०१ मोलर असतील, तर अर्धायुष्य १ भागिले (०.११ गुणिले ०.०१), म्हणजे ९०९ सेकंद, ढोबळमानाने पंधरा मिनिटे. पण ०.००५ वर आल्यावर पुढच्या अर्ध्यासाठी पंधरा मिनिटे पुरत नाहीत, तीस लागतात. त्यापुढच्या अर्ध्यासाठी एक तास. प्रत्येक अर्धायुष्य आधीच्याच्या दुप्पट. आणि सुरुवातच ०.०५ मोलरने केली, तर पहिले अर्धे तीन मिनिटांतच संपते.

याचे कारण सांगताना पुस्तके लगेच समाकलनाकडे वळतात. समाकलन करावेच, पण त्याआधी एक साधा हिशोब पाहावा. अर्ध्यावर यायला लागणारा वेळ दोन गोष्टींनी ठरतो: संपवायचे काम किती आणि कामाचा वेग किती. संहती दुप्पट केली की संपवायचे कामही दुप्पट होते, कारण अर्धे म्हणजे आता दुप्पट रेणू. प्रथम कोटीत दर संहतीच्या प्रमाणात असतो, त्यामुळे वेगही दुप्पट होतो. काम दुप्पट, वेग दुप्पट, म्हणून वेळ तोच. द्वितीय कोटीत दर संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. काम दुप्पट झाले, पण वेग चौपट झाला, म्हणून वेळ निम्मा. आणि ज्या अभिक्रियेत दर संहतीकडे बघतच नाही, त्या शून्य कोटीत काम दुप्पट होते, वेग तोच राहतो आणि अर्धायुष्य दुपटीवर जाते.

या हिशोबातली खरी महत्त्वाची ओळ प्रथम कोटीची आहे. तिथे संहतीचा प्रभाव नाहीसा झालेला नाही. तो दोन ठिकाणी सारख्याच ताकदीने आहे आणि म्हणून एकमेकांना छेद देतो. ०.१ मोलर एस्टर पहिल्या मिनिटाला जेवढे फुटते, ते ०.०१ मोलर एस्टरच्या दहापट असते. कारखान्यात दर मिनिटाला किती माल तयार होतो हे मोजणाऱ्याला प्रथम कोटीतही संहती पुरेपूर महत्त्वाची वाटेल, आणि त्याचे बरोबरच आहे. संहतीला जुमानत नाही ते फक्त प्रमाण: दर मिनिटाला उरलेल्यातला कितवा भाग जातो, हे. म्हणून ‘प्रथम कोटीत संहती महत्त्वाची नाही’ हे अर्धे वाक्य खोडून ‘प्रथम कोटीत जाणारा वाटा संहतीवर अवलंबून नाही’ असे लिहायला हवे.

हा हिशोब गणिताचा झाला. रेणूंच्या पातळीवर काय होते ते एका आठवडी बाजारावरून पाहता येईल. समजा एका बाजारात आलेला प्रत्येक माणूस आपापल्या मनाने केव्हाही घरी जातो. कोणाची वाट बघायची नाही, कोणाला विचारायचे नाही. अशा बाजारात शंभर माणसे असोत वा दहा हजार, अर्धी माणसे निघून जायला लागणारा वेळ तोच, कारण एकट्या माणसाच्या निघण्याच्या शक्यतेत गर्दीचा काही संबंध नाही. दुसऱ्या बाजाराची अट अशी, की कोणालाही एकट्याने जाता येत नाही; दोन माणसे एकमेकांना धडकली तरच ती जोडीने निघतात. सकाळी गर्दी असताना जोड्या भराभर जमतात. दुपारपर्यंत बाजार विरळ झाला की उरलेल्यांना जोडीदार सापडायला वेळ लागतो, आणि संध्याकाळी चार माणसे मोठ्या मैदानात एकमेकांना शोधत फिरत राहतात. द्वितीय कोटीत अर्धायुष्य लांबत का जाते, याचे कारण हे विरळ होणे आहे. रेणूंची फुटण्याची क्षमता तीच असते, फक्त गाठ पडणे दुर्मीळ होते.

पहिल्या बाजाराचे सर्वांत शुद्ध उदाहरण रसायनशास्त्राच्या बाहेर आहे, किरणोत्सारात. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९०० साली थोरियममधून बाहेर पडणाऱ्या वायूची किरणोत्सारिता साधारण दर मिनिटाला निम्मी होते असे मोजले. त्या वायूचा अणू फुटतो तो पूर्णपणे आपल्या आत घडणाऱ्या घडामोडीमुळे. शेजारी दुसरा अणू आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही. म्हणूनच आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस असे एका आकड्यात सांगता येते आणि सोबत ‘किती आयोडीन घेतले’ हा प्रश्न येत नाही. हवाबंद खोक्यात ठेवा, पाण्यात विरघळवा, गोठवा, आठ दिवस ते आठ दिवसच. रसायनशास्त्रात मात्र इतकी निर्भेळ स्वायत्तता फार कमी ठिकाणी सापडते, आणि इथेच एस्टरचे उदाहरण अधिक शिकवते.

कारण आम्लातले एस्टरही खरे तर एकटे फुटत नाही. त्याला पाण्याचा रेणू लागतो आणि आम्लाचा हायड्रोजन आयनही लागतो. म्हणजे इथेही गाठभेट आहेच. मग साडेतीन तासांचा ठोका कसा पडतो? कारण ज्यांच्याशी गाठ पडायची ते कधी कमी होतच नाहीत. पाण्याची संहती सुमारे ५५ मोलर, त्यातले ०.०१ मोलर खर्च झाले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. आम्ल तर उत्प्रेरक आहे, एका रेणूचे काम झाले की ते मोकळे होऊन पुढच्याकडे जाते. एस्टरच्या प्रत्येक रेणूला पहिल्या मिनिटाला जेवढे साथीदार उपलब्ध असतात, तेवढेच शेवटच्या मिनिटालाही. म्हणून त्याची फुटण्याची शक्यता स्थिर राहते, आणि वर्तन प्रथम कोटीचे दिसते. अशा अभिक्रियांना छद्म प्रथम कोटीच्या म्हणतात.

आता त्याच ०.५ मोलर आम्लाऐवजी १ मोलर आम्ल घ्या. अर्धायुष्य साडेतीन तासांवरून पावणेदोन तासांवर येईल. म्हणजे ‘प्रथम कोटीत अर्धायुष्य संहतीवर अवलंबून नाही’ हे वाक्य शब्दशः घेणारा विद्यार्थी इथे चक्रावणार. त्या वाक्यात ‘कोणाच्या संहतीवर’ हा प्रश्न गाळलेला असतो. ज्याचे अर्धायुष्य मोजतो आहोत, त्या एस्टरच्या संहतीवर ते अवलंबून नाही. सोबत असलेल्या आम्लाच्या संहतीवर ते पूर्णपणे अवलंबून आहे. ५.५ × १०⁻⁵ या आकड्यात आम्लाची संहती आधीच गुणून बसलेली आहे, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

साबणीकरणाचेही तेच करता येते, आणि मला वाटते हा या विषयातला सर्वांत बोधप्रद प्रयोग आहे. एस्टर ०.००१ मोलर घ्या आणि सोडियम हायड्रॉक्साइड ०.१ मोलर, म्हणजे शंभरपट. सगळे एस्टर संपले तरी हायड्रॉक्साइड जेमतेम एक टक्का कमी होणार. अभिक्रिया तीच, रेणूंची टक्करही तीच, दर स्थिरांकही तोच ०.११. पण आता एस्टरचे अर्धायुष्य ०.६९३ भागिले ०.०११, म्हणजे ६३ सेकंद येते, आणि ते प्रत्येक वेळी ६३ सेकंदच राहते. एस्टर दुप्पट करा, काही फरक नाही. हायड्रॉक्साइड दुप्पट करा, अर्धायुष्य लगेच निम्मे. द्वितीय कोटीची म्हणून शिकवलेली अभिक्रिया आपल्यासमोर प्रथम कोटीसारखी वागू लागली, आणि आपण काय केले? फक्त वेगळ्या प्रमाणात ओतले. अभिक्रियेची एकूण कोटी अजूनही दोनच आहे; बदलले ते एवढेच, की एक साथीदार आता संपत नाही. कोटी पदार्थाच्या अंगाला चिकटलेली नसते, हे याहून स्पष्टपणे कसे दाखवणार?

याचा एक उपयोगही सांगायला हवा. पाण्याचा सामू ७ वर स्थिर धरला, तर हायड्रॉक्साइड १०⁻⁷ मोलर असते, आणि तेवढ्यात इथाइल ॲसिटेटचे अर्धायुष्य सुमारे दोन वर्षे निघते. सामू ८ असेल तर हायड्रॉक्साइड दहापट, आणि अर्धायुष्य अडीच महिन्यांच्या आत. पाण्यात सांडलेले रसायन किती दिवस टिकेल, असा प्रश्न विचारताना जेव्हा एकच अर्धायुष्य दिले जाते, तेव्हा त्यामागे सामू आणि तापमान स्थिर धरलेले असतात. ते न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी असतो.

परत समान संहतीच्या साबणीकरणाकडे येऊ, कारण त्याच्या शेपटाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पंधरा मिनिटे विरुद्ध साडेतीन तास एवढेच पाहिले, तर कोणीही म्हणेल की हायड्रॉक्साइडची अभिक्रिया आम्लाच्या चौदापट जलद आहे. पण अर्ध्याऐवजी ९९ टक्के संपायला किती वेळ लागेल ते पाहा. प्रथम कोटीत साडेसहाच्या किंचित वर अर्धायुष्ये लागतात, म्हणजे आम्लात सुमारे २३ तास. द्वितीय कोटीत पहिल्या अर्धायुष्याच्या ९९ पट वेळ लागतो, कारण संहतीचा व्यस्त सरळ रेषेत वाढतो; शंभरावा भाग उरायचा तर व्यस्त शंभरपट व्हायला हवा. ९९ गुणिले ९०९ सेकंद म्हणजे २५ तास. पंधरा मिनिटांनी सुरुवात केलेली अभिक्रिया साडेतीन तासांनी सुरुवात केलेलीच्या मागे पडली. ९९.९ टक्क्यांपर्यंत जायचे म्हटले, तर आम्लात दोन दिवसही पुरे होतात, आणि समप्रमाण साबणीकरणाला कागदावरच्या हिशोबाने साडेदहा दिवस लागतात.

मला हा निष्कर्ष अर्धायुष्याच्या सूत्राहून जास्त मोलाचा वाटतो. अर्धायुष्य हा एक बिंदू आहे. प्रथम कोटीत तो एक बिंदू संपूर्ण वक्र सांगतो, द्वितीय कोटीत तो फक्त सुरुवात सांगतो. म्हणूनच औद्योगिक साबणीकरणात किंवा प्रयोगशाळेतल्या संश्लेषणात एका अभिकारकाचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवतात. शेवटचे रेणू एकमेकांना शोधत बसू नयेत, यासाठी दुसरी बाजू भरपूर ठेवायची. अभिक्रियेचा शेवट प्रथम कोटीसारखा करून टाकण्याचीच ही युक्ती आहे.

इथे आणखी एक अडचण उघड होते. दोन अभिकारक समान नसतील, तर अर्धायुष्य कोणाचे? समजा एस्टर ०.०१ मोलर आणि हायड्रॉक्साइड ०.०२ मोलर आहे. एस्टर निम्मे व्हायला सहा मिनिटांच्या थोडा वर वेळ लागतो. हायड्रॉक्साइड निम्मे कधी होईल? ०.०१ मोलर खर्च झाल्यावर, म्हणजे एस्टर पूर्ण संपल्यावर, म्हणजे गणिताच्या भाषेत कधीच नाही. एकाच फ्लास्कमध्ये एका पदार्थाचे अर्धायुष्य सहा मिनिटे आणि दुसऱ्याचे अनंत. 1/ka हे सूत्र इथे लावणारा विद्यार्थी कितीही नीट भागाकार करो, उत्तर अर्थहीनच येणार. ते सूत्र एकाच पदार्थाच्या दोन रेणूंची टक्कर असेल, किंवा दोन पदार्थ नेमके समान घेतले असतील, तेव्हाच खरे आहे. ही अट सूत्राच्या शेजारी छापलेली फार क्वचित दिसते.

एकाच पदार्थाच्या बाबतीतही एक खाच आहे. नायट्रोजन डायऑक्साइड तापवल्यावर त्याचे दोन रेणू मिळून नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन देतात. दर कसा लिहिला, डायऑक्साइड किती वेगाने कमी होतो असा की समीकरणातल्या दोनने भागून, यावर k चा आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि अर्धायुष्याचे सूत्र 1/ka किंवा 1/2ka होते. खरे अर्धायुष्य अर्थातच तेच राहते. दोन पुस्तकांची उत्तरे नेमकी दुपटीने वेगळी आली, तर पहिली शंका याचीच घ्यावी.

आता प्रयोगाकडे. साबणीकरण प्रयोगशाळेत असे करतात: एस्टर आणि सोडियम हायड्रॉक्साइडची समान संहतीची द्रावणे सारख्या आकारमानात एकत्र करायची, स्टॉपवॉच लावायचे, ठरावीक वेळांनी दहा मिलिलिटर पिपेटने काढून मोजून घेतलेल्या जास्तीच्या आम्लात सोडायचे. आम्लामुळे हायड्रॉक्साइड तत्काळ संपते आणि अभिक्रिया त्या क्षणाला थांबते. मग उरलेले आम्ल ब्युरेटमधून हायड्रॉक्साइड टाकून, फिनॉल्फ्थॅलीनचा रंग बघत मोजायचे. सर्वांत सामान्य चूक अगदी पहिल्या पायरीवर होते. ०.०२ मोलरची दोन द्रावणे सारखी मिसळली की प्रत्येकाची संहती ०.०१ होते, आणि विद्यार्थी हिशोबात ०.०२ च धरतात. द्वितीय कोटीत अर्धायुष्य संहतीवर अवलंबून असल्यामुळे ही चूक थेट k मध्ये उतरते. आम्लाच्या प्रयोगात एस्टरच्या संहतीबाबत अशीच चूक झाली, तर k ला धक्काही लागत नाही, कारण तिथे फक्त गुणोत्तर लागते. शून्याव्या वेळेचे, मधल्या वेळेचे आणि दुसऱ्या दिवशी घेतलेले अखेरचे वाचन एवढ्यावर काम भागते. एस्टर नेमके किती टाकले हे माहीत नसले तरी चालते. अर्धायुष्याचा संहतीशी संबंध असणे आणि नसणे यातला फरक हातातल्या पिपेटपर्यंत कसा येऊन पोहोचतो, ते इथे दिसते.

दुसरी गडबड हवेतून येते. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहते. बाटली आठवडाभर उघडझाक केलेली असेल तर हायड्रॉक्साइड एस्टरपेक्षा कमी पडते, समानतेची अट मोडते, आणि संहतीच्या व्यस्ताचा आलेख शेवटाकडे सरळ रेषा सोडतो. तिसरी तापमानाची. साबणीकरणाचा दर दहा अंशांच्या वाढीने जवळजवळ दुप्पट होतो. थर्मोस्टॅट नसताना, सकाळी सुरू केलेला प्रयोग मे महिन्यातल्या दुपारी संपला, तर पुढची अर्धायुष्ये अपेक्षेपेक्षा आखूड निघतात, आणि द्वितीय कोटीची अभिक्रिया प्रथम कोटीकडे झुकलेली भासते.

पण या सगळ्यापेक्षा मोठा दोष प्रयोगाच्या आखणीत आहे. बहुतेक वर्गांत साबणीकरणाची वाचने पहिल्या अर्धायुष्याच्या आसपास थांबतात, कारण तासिका संपते. आणि पहिल्या अर्ध्यात दोन्ही कोटींचे वक्र एकमेकांच्या फार जवळून जातात. समजा दोन्हींचे अर्धायुष्य पंधरा मिनिटे आहे. साडेसात मिनिटांनी प्रथम कोटीत ७१ टक्के उरते, द्वितीय कोटीत ६७ टक्के. k थोडा जुळवून घेतला की हा फरकही जवळजवळ निम्मा होतो, आणि ब्युरेटच्या वाचनातल्या नवशिक्या चुका उरलेला फरक झाकून टाकतात. अशा आकड्यांवर लॉगचा आलेखही सरळ दिसतो आणि व्यस्ताचाही. मुलगा वहीत लिहितो, ‘आलेख सरळ आला, म्हणून अभिक्रिया द्वितीय कोटीची आहे.’ त्याने प्रत्यक्षात काहीही सिद्ध केलेले नसते. ४५ मिनिटांपर्यंत थांबला असता, तर प्रथम कोटीत साडेबारा टक्के आणि द्वितीय कोटीत २५ टक्के, असा दुपटीचा फरक त्याच्यासमोर आला असता. तो कोणत्याही ब्युरेटला झाकता येत नाही.

वेळ नसेल तर दुसरा मार्ग आहे आणि तो अधिक चांगला आहे: संहती निम्मी करून प्रयोग पुन्हा करायचा. पहिले अर्धायुष्य तेवढेच राहिले तर प्रथम कोटी, दुप्पट झाले तर द्वितीय, निम्मे झाले तर शून्य. मुंबईच्या किंवा पुण्याच्या कोणत्याही महाविद्यालयात, आहे त्या सामानात, दोन बाकांवरच्या जोड्यांना वेगळी संहती देऊन हे एका सत्रात होऊ शकते. एका बाकावर पंधरा मिनिटे आणि शेजारच्या बाकावर तीस मिनिटे आलेली मुलांनी स्वतः पाहिली, तर त्यांना सूत्र पाठ करायला सांगावे लागणार नाही.

परीक्षेतल्या प्रश्नांबद्दलही माझे म्हणणे हेच आहे. ‘प्रथम कोटीची अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, अर्धायुष्य काढा’ हा नेहमीचा प्रश्न. उत्तर ३० मिनिटे, कारण ७५ टक्के म्हणजे दोन सारखी अर्धायुष्ये. यात कोटी आयती दिलेली आहे, त्यामुळे विचार करायला काही उरत नाही. हाच प्रश्न द्वितीय कोटीसाठी विचारला, तर उत्तर २० मिनिटे येते, कारण दुसरे अर्धे पहिल्याच्या दुप्पट वेळ घेते: २० आणि ४०. एकच निरीक्षण, दोन उत्तरे. मग प्रश्न असा का विचारू नये: अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण झाली, २० व्या आणि ३० व्या मिनिटाला मोजलेली संहती ही अशी आहे, कोटी कोणती आणि कशावरून? इथे विद्यार्थ्याला सूत्र निवडावे लागेल, आणि निवडीचे कारण द्यावे लागेल.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि प्रयोगपुस्तिका लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. अर्धायुष्याच्या प्रत्येक प्रश्नात किमान दोन सुरुवातीच्या संहती द्या, किंवा एकाहून अधिक अर्धायुष्यांपर्यंतची वाचने द्या, आणि ‘अर्धायुष्य’ या शब्दाआधी ते कोणत्या पदार्थाचे हे लिहा. सोबत कोणता पदार्थ स्थिर धरला आहे, तेही लिहा. एवढे बदल करायला नवीन उपकरण लागत नाही की अभ्यासक्रमात फेरफार करावा लागत नाही; पुढच्या सत्राच्या प्रयोगपुस्तिकेतच ते करता येतील.